हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही नॉर्मल आणि आरडीडब्ल्यू २२ : सिडकोतल्या एका ताईंची केस

ही केस माझ्या लॅबमधली आहे, मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. पेशंटची ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे काही तपशील बदललेत, आकडे मात्र जसे होते तसेच ठेवलेत. लिहायचं कारण असं की सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की जवळपास प्रत्येकजण हिमोग्लोबिन बघतो, फार तर प्लेटलेट बघतो आणि कागद घडी घालून ठेवतो, आणि या केसमध्ये सगळं उत्तर त्या दोघांच्या मधल्या एका ओळीत होतं.

पार्श्वभूमी

ताई त्रेचाळीस वर्षांच्या, राहायला सिडकोत, घरीच शिलाईकाम. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत तर रात्री उशिरापर्यंत मशीन चालू. सासर वारकरी, लग्नानंतर माळ घातली तेव्हापासून मटण-अंडं बंद, दूध म्हणाल तर चहात पडेल तेवढंच, कारण दूध प्यायलं की पोट फुगतं म्हणतात. एकादशी आणि सोमवार धरतात. ॲसिडिटी जुनीच, त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या पॅन्टोप्राझोलची गोळी, ती कुणीतरी कधीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली आणि पुढे मेडिकलवरून आणून आणून चार-पाच वर्षं चालूच राहिलेली.

तक्रार थकव्याची. जिना चढला की धाप, दुपारी मशीनवर बसलं की डोळ्यापुढे अंधारी. पाळी गेली दोन वर्षं जास्त जाते, गाठी पडतात, पण "आता वय झालं, जायची वेळ आली की असंच होतं" म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलीच नाही, ती पुढे येईल.

जवळच्या फॅमिली डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरी दिसली, सीबीसी लिहून दिला.

पहिला रिपोर्ट

हिमोग्लोबिन ८.६ ग्रॅम. बाईचं, गरोदर नसेल तर, १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणायचं, म्हणजे हा बऱ्यापैकी ॲनिमिया. तांबड्या पेशी ३२.५ लाख. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार ८४, नॉर्मल ८० ते १००, म्हणजे इथे काही खूण नाही, आकडा साध्या काळ्या अक्षरात. एमसीएच म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन २६.५, किंचित कमी. आरडीडब्ल्यू २२.४ टक्के, जो साधारण साडेअकरा ते साडेचौदा असतो. पांढऱ्या पेशी ४,३००, प्लेटलेट १ लाख ६२ हजार, दोन्ही नॉर्मलमध्येच पण खालच्या कडेला टेकलेले.

आता यात आरडीडब्ल्यू काय सांगतो ते नीट समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. मशीन प्रत्येक तांबड्या पेशीचा आकार मोजतं, हजारो पेशींचा, मग त्याची सरासरी काढतं, तो एमसीव्ही. आणि त्या पेशी एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, सगळ्या एकसारख्या की काही बारीक काही मोठ्या, ते आरडीडब्ल्यू सांगतो. गणित म्हणून बघितलं तर आकारांचा स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले सरासरी आकार, गुणिले शंभर. शाळेच्या ग्राउंडवर पहिलीतली आणि दहावीतली पोरं एका रांगेत उभी करून उंचीची सरासरी काढली तर ती पाचवीच्या पोराएवढी येईल, आणि त्या रांगेत पाचवीचं एकही पोर नसेल. ताईंचा एमसीव्ही ८४ हा असाच होता.

हिमोग्लोबिन कमी आणि आरडीडब्ल्यू जास्त असं दिसलं की पहिला विचार कशाचा करायचा, तर शरीराला पेशी बनवायचा कच्चा माल कमी पडतोय. लोह संपत आलं की नव्या पेशी दिवसेंदिवस बारीक निघतात, जुन्या मात्र अजून नॉर्मल आकाराच्या फिरत असतात, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून आकारांची सरमिसळ होते. बी१२ किंवा फोलेट कमी असेल तर उलटं, नव्या पेशी मोठ्या निघतात. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे त्या आनुवंशिक रक्तदोषाचं सौम्य रूप, त्यात पेशी बारीक असतात पण बहुतेक वेळा सगळ्याच एकसारख्या बारीक, म्हणून तिथे आरडीडब्ल्यू नॉर्मल किंवा थोडाच वाढलेला असतो आणि पेशींची संख्या चांगली भरपूर असते. हे सगळे कल आहेत, खात्री नाही. आरडीडब्ल्यू एकट्याने निदान करत नाही, लिव्हरच्या आजारातही वाढतो, नुकतं रक्त चढवलं असेल तरी वाढतो, कारण मग दोन माणसांच्या पेशी एकत्र फिरत असतात.

पहिला निर्णय आणि त्यातून झालेली अडचण

डॉक्टरांनी बाईमाणूस, पाळी जास्त, हिमोग्लोबिन कमी हे बघून लोहाची गोळी सुरू केली. यात चुकीचं काही नाही, आपल्याकडे अशा दहा बायकांपैकी बहुतेकींना लोहच कमी असतं. गोळी नेहमीची, १०० मिलिग्रॅम लोह आणि सोबत दीड मिलिग्रॅम फोलिक ॲसिड. सहा आठवड्यांनी परत सीबीसी करायला सांगितलं.

सहा आठवड्यांनी : हिमोग्लोबिन ९.४. तांबड्या पेशी ३१.५ लाख. एमसीव्ही ९४. आरडीडब्ल्यू २४.

ताईंचे मिस्टर रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा वैतागलेले होते. "मॅडम, दीड महिना गोळी खातेय, एक पॉइंटसुद्धा वाढला नाही, त्यापेक्षा बाटली लावून टाकू का एकदाची?" त्यांचा वैताग बरोबर होता. लोहच कमी असेल, गोळी पोटात जात असेल आणि शोषली जात असेल तर तीन-चार आठवड्यांत एक ते दोन ग्रॅम वाढ दिसायला पाहिजे. इथे सहा आठवड्यांत पाऊण ग्रॅम.

पण मला खटकलं ते हिमोग्लोबिन नाही, बाकीचं. पेशींची संख्या वाढायच्या ऐवजी थोडी घटलीय, आणि सरासरी आकार दहाने वाढलाय. म्हणजे नव्या ज्या येतायत त्या मोठ्या येतायत. आरडीडब्ल्यू वाढला त्याचे दोन अर्थ निघतात : लोह सुरू केल्यावर नॉर्मल आकाराच्या नव्या पेशी जुन्या बारीक पेशींत मिसळतात तेव्हा आरडीडब्ल्यू काही दिवस वाढतोच, ते चांगलं लक्षण असतं, पण मग हिमोग्लोबिनही सोबत वर जायला हवं. ते जात नसेल तर दुसरा अर्थ, की आतमध्ये आणखी एक कमतरता आहे आणि लोहामुळे ती उघडी पडली.

त्याच नमुन्यावर रेटिक्युलोसाइट काउंट केला, म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशी मोजल्या. १.२ टक्के आला. आकडा नॉर्मल दिसतो, पण इतका ॲनिमिया असताना बोनमॅरोने, म्हणजे हाडातल्या मगजाने, जिथे पेशी बनतात, जोर लावायला पाहिजे, त्या मानाने हे काहीच नाही. कारखाना चालू आहे पण माल बाहेर येत नाही अशी ही परिस्थिती होती.

मग स्लाइड बघितली. बारीक, मधे फिकट, काही पेन्सिलसारख्या लांबट पेशी, आणि त्यांच्याच शेजारी मोठाल्या अंडाकृती, गच्च रंगाच्या पेशी. दोन वेगळ्या माणसांचं रक्त एका काचेवर ओतल्यासारखं. आणि न्यूट्रोफिल, म्हणजे त्या पांढऱ्या पेशी ज्यांच्या केंद्रकाला साधारण तीन-चार पाकळ्या असतात, त्यातल्या बऱ्याच पेशींना पाच पाकळ्या, आणि एकीला मी परत परत फोकस करून मोजलं, सहा. सहा पाकळ्यांची एक जरी दिसली तरी बी१२ किंवा फोलेटच्या कमतरतेचा संशय घ्यायचा. मशीनच्या ग्राफवरही हे दिसत होतं, एका उंचवट्याच्या जागी उजवीकडे खांदा काढलेला रुंद डोंगर. हा ग्राफ रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात छापलेला असतो, कुणी बघत नाही.

पहिल्या रिपोर्टमध्येही एक छोटी खूण होती. नुसतं लोह कमी असलं की प्लेटलेट बऱ्याचदा नॉर्मल किंवा जास्तच असतात. ताईंच्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही तळाला टेकलेल्या होत्या, बी१२ कमी असताना तसं होतं, कारण मग तिन्ही प्रकारच्या पेशी बनायला अडचण येते.

कोणकोणते पर्याय होते

मी फॅमिली डॉक्टरांना फोन केला आणि आम्ही दोघं नीट बोललो. रक्त चढवायचं का? नाही. ताई चालत-फिरत होत्या, छातीत दुखत नव्हतं, हिमोग्लोबिन घसरत नव्हतं, आणि कारण सापडायच्या आधी बाटली लावली की पुढच्या सगळ्या टेस्टचं चित्र गढूळ होतं.

लोहाचं इंजेक्शन शिरेतून द्यायचं का? हा पर्याय वाटतो तितका वाईट नव्हता, कारण गोळी शोषली जात नाही अशी शंका होतीच. पण बी१२ कमी असेल तर नुसतं लोह भरून काही उपयोग नाही, म्हणून थांबलो.

थॅलेसेमियासाठी एचपीएलसी? डॉक्टरांनी विचारलं. पेशींचा सरासरी आकार बारीक नाही, संख्याही कमी, त्यामुळे शक्यता थोडी. शिवाय लोह कमी असताना ए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा जो प्रकार बघून मायनर ओळखतात, तो खाली येतो आणि मायनर असला तरी लपून राहू शकतो, म्हणून करायचीच तर लोह भरून झाल्यावर. मात्र ताईंचं माहेर सुरगाणा-पेठ पट्ट्यातलं असतं तर मी सिकलसाठी टेस्ट आधीच सांगितली असती, आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी भागात तो विचार करावाच लागतो. त्यांचं माहेर निफाडकडचं, घरात कुणाला तसला त्रास नाही.

बोनमॅरो? दोन तऱ्हेच्या पेशी दिसल्या की मॅरोचे काही आजारही डोक्यात येतात, पण साधं कारण तपासायच्या आधी हाडात सुई घालायची नाही. बी१२ आणि लोह नॉर्मल आले असते, किंवा उपचारांनी फरक पडला नसता, तर तो रस्ता होता.

ठरलं ते फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी१२, थायरॉइड, किडनी-लिव्हरचं साधं बघणं, आणि ताईंना परत एकदा समोर बसवून सविस्तर विचारणं.

इथे वेळेचा एक मुद्दा होता. मिस्टर म्हणाले गल्लीतल्या एका दवाखान्यात "ताकदीचं इंजेक्शन" देतात, तेवढं आजच मारून घेऊ. त्या इंजेक्शनांत बहुतेक वेळा बी१२च असतं. ते घेतल्यावर रक्त दिलं की बी१२ भरपूर दिसतो आणि खरं काय होतं ते कधीच कळत नाही. म्हणून त्यांना सांगितलं, आधी रक्त द्या, मग काय ते इंजेक्शन.

रिपोर्ट : फेरिटिन ११, तेही सहा आठवडे लोह खाल्ल्यावर. १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला. बी१२ ११८ पिकोग्रॅम, २०० च्या खाली म्हणजे कमतरता. थायरॉइड ठीक, किडनी-लिव्हर ठीक. म्हणजे दोन्ही कमी. एकाने पेशी बारीक केल्या, दुसऱ्याने मोठ्या, आणि सरासरी नॉर्मल.

जे आधी सांगितलं नव्हतं

डॉक्टरांनी विचारलं, हाता-पायाला मुंग्या येतात का. ताई म्हणाल्या, "येतात ना, वर्ष झालं. सुई ओवायला आता पोरीला बोलावते, दोरा बोटांत आहे की नाही तेच कळत नाही. मला वाटलं मशीनमुळे मानेचा मणका असेल." डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला, कंपन जाणवत नव्हतं, घोट्याला थोडं जाणवलं.

हा या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. बी१२ नुसता रक्तासाठी लागत नाही, नसांच्या आवरणासाठीही लागतो. आणि लोहाच्या गोळीतलं फोलिक ॲसिड इथे अडचण करू शकतं, कारण बी१२ कमी असताना एकटं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त थोडंफार सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो, आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. ताईंचं हिमोग्लोबिन आणखी ग्रॅम-दीड ग्रॅमने वाढलं असतं तर कदाचित सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता आणि बोटांचं कुणी विचारलं नसतं.

काय केलं

बी१२ची इंजेक्शनं, १,००० मायक्रोग्रॅमची, आधी दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नसांचा त्रास असल्यामुळे गोळ्यांवर न ठेवता इंजेक्शनच. लोह चालूच ठेवलं, कारण बी१२ मिळाल्याबरोबर मॅरो जोरात कामाला लागतो आणि तेव्हा लोह कमी पडलं तर परत अडकतो.

लोह का शोषलं जात नव्हतं ते विचारलं तर कळलं, ताई पॅन्टोप्राझोल, लोहाची गोळी आणि चहा तिन्ही सकाळी एकत्र घेत होत्या. ॲसिड दाबलं की लोह नीट विरघळत नाही, चहातलं टॅनिन त्याला धरून ठेवतं, आणि अन्नातला बी१२ सुटायलासुद्धा पोटातलं ॲसिड लागतं, म्हणजे त्या एका जुन्या गोळीने दोन्हीकडून कोंडी केली होती. डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद केली. लोह दिवसाआड, सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत, चहा दीड-दोन तासांनी. दिवसाआड यासाठी की रोज रोज घेतल्यावर शरीरच पुढच्या डोसचं शोषण कमी करतं, आणि पोटालाही दिवसाआड बरं पडतं.

गायनॅककडे पाठवलं, सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड निघाला, तिथून रक्तस्रावाचे उपचार सुरू झाले. ही पायरी राहून गेली असती तर वरून भरायचं आणि खालून गळायचं एवढंच चाललं असतं. सिलिॲकची, म्हणजे गव्हामुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची, टेस्टही केली कारण लोह आणि बी१२ दोन्ही कमी होते, ती निगेटिव्ह आली.

काय झालं

पहिल्या इंजेक्शननंतर सातव्या दिवशी रेटिक्युलोसाइट ७ टक्के. हिमोग्लोबिन अजून जवळजवळ तेवढंच, पण हा आकडा बघून कळलं की निदान बरोबर आहे. तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.९, आणि आरडीडब्ल्यू आणखी वाढून २६. मिस्टर परत काळजीत, की तो लाल आकडा तर वाढलाच. त्यांना समजावलं की आता तीन तऱ्हेच्या पेशी आहेत, जुन्या बारीक, जुन्या मोठ्या आणि नव्या नॉर्मल, जुन्यांचे दिवस भरले की आपोआप उतरेल.

चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.४, पेशी ४४ लाख, एमसीव्ही ८७, आरडीडब्ल्यू १५.१. म्हणजे एमसीव्ही पहिल्या रिपोर्टमधल्या ८४ पासून फारसा हललेला दिसत नाही, पण आता ८७ म्हणजे खरंच ८७ च्या आसपासच्या पेशी आहेत. लोह त्यानंतरही तीन महिने चालू ठेवलं, साठा भरायला.

हाताच्या मुंग्या गेल्या, सुई आता स्वतः ओवतात. पायाच्या अंगठ्यांचा बधिरपणा कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही, आणि वर्षभर त्रास अंगावर काढल्यावर तो पूर्ण जाईलच असं सांगता येत नाही. माळ आहे, ती राहणारच, म्हणून बी१२ पुढेही कायम घ्यावा लागणार, हे त्यांना आणि मिस्टरांना दोघांना बसवून सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच रिपोर्टला आरडीडब्ल्यू २२ असताना स्लाइड बघून शेरा लिहून जायला हवा होता. तो पहिला सीबीसी दुसरीकडे मशीनवर लागून तसाच छापून गेला होता. आरडीडब्ल्यू विशीच्या पुढे आणि एमसीव्ही नॉर्मल अशी जोडी दिसली की ती स्लाइड माणसाने डोळ्याने बघावी, यावर माझं मत पक्कं आहे, त्याला दहा मिनिटं लागतात.

दुसरं, फेरिटिन आणि बी१२ पहिल्या गोळीच्या आधी. दोन्ही टेस्टचा खर्च होतो हे खरं, आणि प्रत्येक बाईला शक्य नसतं, हेही खरं. पण जी अनेक वर्षं शाकाहारी आहे आणि दूधही घेत नाही, किंवा जिला डायबिटीसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे, तिच्यासाठी हा खर्च पहिल्याच दिवशी करावा. तेवढंही जमत नसेल तर निदान लोह सुरू करून तीन-चार आठवड्यांनी सीबीसी परत करावा, सहा आठवडे थांबू नये, आणि बघताना हिमोग्लोबिनसोबत एमसीव्ही कुठल्या दिशेला सरकतोय तेही बघावं.

तिसरं, मुंग्यांबद्दल आपणहून विचारावं. ताईंना थकव्याचं आणि बोटांचं काही नातं असेल असं वाटण्याचं कारणच नव्हतं.

आणि ही केस कुठे लावू नये तेही लिहिते. इथे लोह का गेलं याला पाळी आणि फायब्रॉइड असं समोर दिसणारं कारण होतं. असाच रिपोर्ट पन्नाशीच्या पुरुषाचा असता, किंवा पाळी गेलेल्या बाईचा, तर आहार आणि गोळ्यांवर न थांबता पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का यासाठी दुर्बिणीची तपासणी करायला पाठवलं असतं, कारण त्या वयात लोह कमी होणं ही आतड्याच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते, आणि गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं तरी ती तपासणी टाळायची नसते.